‘हाच अभ्यासक्रम का?’ : एसओपीतल्या एका परिच्छेदाची बांधणी, पंचगंगेच्या काठावरून

परदेशातल्या मास्टर्ससाठी अर्ज करणाऱ्या मुलांचे एसओपी, म्हणजे अर्जासोबत द्यायचे ‘मला हे का शिकायचंय’ सांगणारे निबंध, ऑगस्ट उजाडला की माझ्याकडे वाचायला येऊ लागतात. मी स्वतः पाण्याच्या क्षेत्रात शिकलो आणि काही वर्षं बाहेर काम करून कोल्हापुरात परत आलो, म्हणून ओळखीपाळखीतली मुलं येतात. स्वतःबद्दलचा भाग बहुतेकांना जमतो. अडतं ते ‘तुमचाच अभ्यासक्रम का?’ या परिच्छेदापाशी. तिथं मुलं विद्यापीठाचं कौतुक करतात, तीन प्राध्यापकांची नावं आणि चार विषयांची यादी देतात आणि पुढं सरकतात. अर्ज वाचणारे लोक त्याच विभागात शिकवतात. आपल्या विषयांची नावं त्यांना पाठ असतात, त्यामुळे त्या यादीतून त्यांना नवीन काहीच कळत नाही.

हा परिच्छेद कसा बांधायचा ते एका खऱ्या अर्जावरून दाखवतो. अर्ज माझ्या भाचीचा. तिनं इथंच सिव्हिल इंजिनिअरिंग केलं. तिचं घर प्रयाग चिखलीला, म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते तिथं. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत त्यांना घर सोडून सोनतळीला जावं लागलं. नेदरलँड्समधल्या दोन वर्षांच्या, १२० क्रेडिटच्या जल-अभियांत्रिकी मास्टर्ससाठी तिनं लिहिलेला पहिला मसुदा असा होता (मूळ इंग्रजीत, इथं मराठीत देतो):

“आपल्या विद्यापीठाचा जागतिक दर्जा, अद्ययावत प्रयोगशाळा आणि नामवंत प्राध्यापक यांमुळे मी या अभ्यासक्रमाकडे आकर्षित झाले. रिव्हर हायड्रॉलिक्स, फ्लड रिस्क, कोस्टल इंजिनिअरिंग आणि रिमोट सेन्सिंग हे विषय माझ्या आवडीशी तंतोतंत जुळतात. तीन प्राध्यापकांच्या संशोधनानं मी प्रभावित झाले असून त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करायला मला आवडेल.”

मी विचारलं, “हे विषय जुळतात म्हणतेस, ते कशाशी गं?”

“मामा, मला पुरावर काम करायचंय.”

“पुरावर म्हणजे पुरातल्या कशावर?”

ती गप्प झाली. खरं काम तिथून सुरू झालं.

आधी स्वतःचा प्रश्न, मग वेबसाइट

विद्यापीठाची साइट उघडण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात वहीवर लिहा. आवड आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मला पूर-व्यवस्थापनात रस आहे’ ही आवड झाली, आणि ती कुठल्याही विषयाला चिकटवता येते. प्रश्नाला मात्र विषय निवडावे लागतात. साइट आधी उघडली तर तिथं दिसणाऱ्या विषयांप्रमाणे आपली आवड आकार घेते, आणि मग आपण त्यांचीच माहितीपत्रिका त्यांना परत ऐकवतो.

भाचीचा प्रश्न जेवताना सापडला. ती म्हणाली, “पाणी किती चढणार हे सगळे सांगतात. राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला मोबाइलवर येते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण उतरणार कधी हे कुणी सांगत नाही. बंधाऱ्यावर पातळी उतरायला लागते, तरी आमच्या उसात पाणी तसंच असतंय.” उसाचा शेंडा पाण्याखाली किती दिवस राहिला त्यावर पीक हाती लागणार की कुजणार हे ठरतं. म्हणजे तिच्या घराला पुराच्या उंचीइतकाच पुराचा मुक्कामही महत्त्वाचा. तिनं वहीत लिहिलं: ‘पंचगंगेच्या पूरमैदानातून पाणी उतरायला किती वेळ लागतो, आणि त्यातला किती वेळ रस्त्यांच्या भरावामुळे आणि खाली कृष्णेच्या फुगवट्यामुळे वाढतो?’

इतका नेमका प्रश्न नसेल तर काय करायचं, असं मुलं विचारतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, इंटर्नशिप किंवा नोकरीतलं एखादं काम काढा आणि ते कुठं अडलं ते आठवा. प्रश्न बहुधा त्या अडलेल्या जागीच असतो.

आपलं काम कुठं थांबलं ते लिहा

ही पायरी बहुतेक अर्जांत नसतेच, आणि माझ्या मते सगळा परिच्छेद तिच्यावर उभा राहतो. अभ्यासक्रमातला विषय आपल्याला कशासाठी हवा हे सांगायचं, तर आपल्याला काय येत नाही ते आधी नेमकं सांगावं लागतं. मुलांना वाटतं की असं लिहिलं तर आपण कच्चे दिसू. वाचणाऱ्याला उलट वाटतं: या विद्यार्थ्याला स्वतःच्या कामाची मर्यादा समजली आहे.

भाचीनं शेवटच्या वर्षी हेक-रास हे मोफत सॉफ्टवेअर वापरून चिखलीपासून शिरोलीच्या पुलापुढपर्यंतच्या पंचगंगेचं मॉडेल केलं होतं. एसओपीत तिनं त्याबद्दल एवढंच लिहिलं होतं की ‘यशस्वीपणे मॉडेल तयार केलं’. आम्ही दोघं ते मॉडेल उघडून बसलो, आणि त्याच्या तीन मर्यादा निघाल्या.

एक, ते ‘स्टेडी’ मॉडेल होतं. म्हणजे नदीतून ठरावीक प्रवाह सतत वाहतो असं धरून पाण्याची उंची काढणारं. त्यात काळ नसतोच, त्यामुळे पाणी किती दिवसांनी उतरेल हा प्रश्न त्याला विचारताही येत नाही. दोन, जमिनीची उंची तिनं उपग्रहाच्या ३० मीटरच्या चौकटीतून घेतली होती. शिरोलीजवळच्या महामार्गाचा भराव अशा चौकटीत अर्धामुर्धा विरघळतो, आणि पाण्याखालचं नदीपात्र तर त्यात दिसतच नाही. तीन, मॉडेलच्या खालच्या टोकाला पाणी आपल्या उताराप्रमाणे निवांत वाहून जातं असं गृहीत धरलं होतं. पण पंचगंगा पुढं नरसोबावाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा भरलेली असली की पाणी मागं तुंबतं. तिचा मूळ प्रश्नच त्या गृहीतकानं खोडून टाकला होता.

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण एसओपीत सांगण्यासारखी गोष्ट आहे असं तिला वाटलं नव्हतं.

विषयांचं पान वाचायचं ते माहितीपत्रिकेतलं नव्हे

अभ्यासक्रमाच्या जाहिरातीच्या पानावर विषयांची फक्त नावं असतात, आणि नावं फसवतात. खरी माहिती स्टडी गाइड, कोर्स कॅटलॉग किंवा मॉड्यूल हँडबुक नावाच्या दस्तऐवजात असते. साइटवर सापडत नसेल तर शोध असा टाका, विद्यापीठाचा पत्ता बदलून:

```
site:university.edu "study guide" hydraulics
site:university.de Modulhandbuch Wasser
```

दुसरी ओळ जर्मनीसाठी आहे. तिथं हे हँडबुक पीडीएफमध्ये असतं. उघडल्यावर आधी वर्ष बघा. दोन-तीन वर्षांपूर्वीची फाइल शोधात वर येते आणि तिच्यातला एखादा विषय आता बंद झालेला असतो.

मग प्रत्येक विषयाचं वर्णन पूर्ण वाचा. विषय सक्तीचा आहे की ऐच्छिक? ऐच्छिक असेल तर आपल्या शाखेच्या विद्यार्थ्याला घेता येतो का? आधी काय येणं अपेक्षित आहे? आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे परीक्षा कशाची आणि असाइनमेंट काय आहे? विषयात खरंच काय शिकवतात ते असाइनमेंटवरून कळतं.

भाचीच्या यादीतले चार विषय आम्ही असे तपासले. कोस्टल इंजिनिअरिंग लाटा आणि किनाऱ्यावरच्या वाळूबद्दल होतं. विषय चांगला, पण तिच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, म्हणून गेला. फ्लड रिस्कच्या वर्णनात मुख्य भर नुकसानीचा पैशात अंदाज आणि विमा यांवर होता. तोही तिनं काढला, थोडं वाईट वाटून, कारण नाव अगदी हवं तसं होतं. रिव्हर हायड्रॉलिक्समध्ये मात्र काळाबरोबर बदलणाऱ्या प्रवाहाची समीकरणं स्वतः प्रोग्राम लिहून सोडवायची असाइनमेंट होती. तिच्या पहिल्या मर्यादेवर हेच तर हवं होतं. रिमोट सेन्सिंगमध्ये रडार उपग्रहाच्या चित्रांवरून पाण्याचा पसारा ओळखायला शिकवत होते. रडारला ढग आडवे येत नाहीत, म्हणून ऐन पावसाळ्यातही त्याची चित्रं मिळतात.

चारातले दोन राहिले. दोनच पुरेत. पाच विषय लिहिले की प्रत्येकाला अर्धं वाक्य मिळतं, आणि अर्ध्या वाक्यात कारण मावत नाही.

रिव्हर हायड्रॉलिक्सच्या वर्णनात पूर्वतयारी म्हणून पायथॉन लिहिलं होतं. भाचीला ते येत नव्हतं. तिनं त्याच आठवड्यात शिकायला सुरुवात केली आणि अर्जात तेवढंच लिहिलं, की शिकते आहे. येतं असं लिहायचा मोह आवरा. पहिल्याच महिन्यात उघडं पडतं, आणि त्रास आपल्यालाच होतो.

प्राध्यापक: नदीचं नाव नको, पद्धत जुळवा

इथं सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

पहिली तपासणी साधी आहे: हे प्राध्यापक या अभ्यासक्रमात मास्टर्सच्या मुलांना खरोखर मार्गदर्शन करतात का? विभागाच्या पानावर निवृत्त, पाहुणे आणि दुसरीकडे गेलेले लोकही दिसतात. माझ्या स्वतःच्या पहिल्या अर्जात मी ज्यांच्या कामावर अर्धं पान लिहिलं होतं ते प्राध्यापक आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. पानावर नावापुढं तसं लिहिलेलंही होतं. मी तिथवर वाचलं नव्हतं. तो अर्ज नाकारला गेला. कारण कुणी कळवलं नाही, पण ते अर्धं पान वाया गेलं एवढं नक्की. तेव्हा विद्यापीठाच्या प्रबंधसंग्रहात जाऊन गेल्या दोन-तीन वर्षांतले मास्टर्सचे प्रबंध बघा. नेदरलँड्स आणि स्वीडनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत ते खुले असतात. मार्गदर्शकाचं नाव पहिल्या पानांवर असतं. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला तिथं किती मोठं काम झेपतं याचाही अंदाज येतो, आणि तो शोधनिबंधावरून येत नाही.

दुसरी गोष्ट, शोधनिबंध तारखेप्रमाणे लावा. गूगल स्कॉलरवरचं प्राध्यापकांचं पान आपणहून जास्त उद्धृत झालेले, म्हणजे बहुधा जुने निबंध वर दाखवतं. वर्षाच्या शीर्षकावर क्लिक केलं की नवे वर येतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या प्रसिद्ध निबंधाचं कौतुक केलं आणि प्राध्यापक आता वेगळंच काही करत असतील, तर धागा जुळत नाही.

निवडलेल्या प्राध्यापकांचे दोन अलीकडचे निबंध घ्या. सगळं गणित समजायची गरज नाही. सारांश वाचा, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद वाचा (प्रश्न तिथं मांडलेला असतो) आणि चर्चेच्या शेवटी स्वतःच्या मर्यादा लिहिलेल्या असतात त्या वाचा. मग वहीत दोन वाक्यं लिहा: त्यांनी काय कसं केलं, आणि तेच माझ्या ठिकाणी करायला गेलं तर काय अडेल. दुसरं वाक्य लिहिता आलं नाही तर निबंध अजून समजलेला नाही. त्या प्राध्यापकांचं नाव तूर्त लिहू नका.

भाचीनं आधी ज्यांना निवडलं होतं त्यांच्यातल्या एकांनी भारतातल्या नदीवर काम केलं होतं, म्हणून तिला ते जवळचे वाटले. वाचल्यावर कळलं की काम पाण्याच्या रासायनिक गुणवत्तेचं होतं. देश एक, प्रश्न वेगळा. उलट, जिचं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं अशी एक प्राध्यापिका युरोपातल्या नद्यांवर काम करत होती, पण तिची पद्धत भाचीला हवी होती: उपग्रहाच्या रडार-चित्रांशी पुराचं मॉडेल ताडून बघणं. या क्षेत्रातली जुनी अडचण अशी की पुराच्या सर्वोच्च क्षणाच्या एकाच नकाशाशी मॉडेलचे वेगवेगळे अंदाज सारखेच जुळतात. जमिनीचा खरखरीतपणा जास्त धरा किंवा प्रवाह जास्त धरा, नकाशा तोच येतो. मग खरं काय, ते कसं ठरवायचं?

हे वाचून भाचीनं वहीत दुसरं वाक्य लिहिलं: ‘आमच्याकडे पूर उतरायला बरेच दिवस लागतात. तेव्हा सर्वोच्च क्षणाऐवजी उतरत्या पुराची एकामागून एक चित्रं घेऊन मॉडेल ताडलं तर चालेल का? अडचण: उसाच्या उंच पिकाखालचं पाणी रडारला नीट दिसेल का?’ त्या शेवटच्या शंकेवर मला फार आनंद झाला. रडारची लहर दाट पिकात अडते, ही खरीच अडचण आहे. जिनं उसात पाणी उभं राहिलेलं पाहिलं आहे तिलाच हा प्रश्न पडणार.

जुळणं म्हणजे हे. एका बाजूला त्यांची पद्धत, दुसऱ्या बाजूला तुमच्याकडे असलेली पण त्यांच्याकडे नसलेली जागेची ओळख, आणि मधे एक शंका.

एक-दोन प्राध्यापक पुरेत. आणखी एक सांभाळायचं: निबंधाचा पहिला लेखक बहुधा पीएचडीचा विद्यार्थी असतो आणि प्राध्यापकांचं नाव शेवटी असतं. म्हणून ‘तुमचा अमुक निबंध’ असं न लिहिता ‘तुमच्या गटाचं काम’ म्हणा.

आता परिच्छेद

वहीच्या एका पानावर तीन रकाने केले: माझं कुठं अडलं, त्याला कोणता विषय, त्यापुढं कुणाचं काम. ज्या ओळीचा एखादा रकाना रिकामा राहिला ती ओळ सोडली. नदीपात्राच्या मोजणीची ओळ अशीच गेली, कारण त्यावर तिथं विषय नव्हता. उरलेल्यातून हे तयार झालं:

“माझ्या प्रकल्पातलं मॉडेल पाणी किती चढेल हे सांगू शकलं, पण किती दिवसांनी उतरेल हे सांगू शकलं नाही, कारण त्यात प्रवाह स्थिर धरला होता आणि खालच्या टोकाला कृष्णेचा फुगवटा धरलाच नव्हता. पहिल्या वर्षाच्या रिव्हर हायड्रॉलिक्समध्ये बदलत्या प्रवाहाची समीकरणं स्वतः सोडवायची आहेत. मला नेमकं तेच शिकायचं आहे आणि त्यासाठी लागणारं पायथॉन मी सध्या शिकते आहे. माझ्या भागात पुराच्या वेळच्या मोजण्या थोड्या ठिकाणीच होतात, म्हणून मॉडेल ताडून बघायला मला रडार-चित्रं लागतील. रिमोट सेन्सिंग हा ऐच्छिक विषय मी त्यासाठी घेईन. प्राध्यापक अमुक यांच्या गटानं अशा चित्रांशी पूर-मॉडेल ताडून पाहिली आहेत. त्यांची पद्धत उतरत्या पुराला लावता येईल का, आणि उसाच्या दाट पिकाखालचं पाणी त्यात सुटून जाईल का, हे मला प्रबंधात तपासायचं आहे.”

यात विद्यापीठाची स्तुती कुठंच नाही, हे मुद्दाम बघा. हजार शब्दांच्या एसओपीत या भागाला दोनशे ते अडीचशे शब्द द्या, आणि तो स्वतःच्या कामाच्या परिच्छेदानंतर ठेवा, म्हणजे अडलेली जागा वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ताजी असते. ‘हाच प्रबंध करेन’ असा हट्टाचा सूर नको. विषय पुढं बदलतो हे त्यांनाही माहीत असतं, म्हणून ‘तपासायचं आहे’ एवढं पुरतं.

लिहून झाल्यावर विद्यापीठाचं, विषयांचं आणि प्राध्यापकांचं नाव खोडून तिथं दुसऱ्या विद्यापीठाची नावं घाला. परिच्छेद तसाच उभा राहिला तर अजून काम बाकी आहे. भाचीच्या पहिल्या मसुद्यात अशी नावं कुठलीही घालता आली असती. दुसऱ्यात घातली की वाक्यंच मोडत होती.

कुठं याचा उपयोग कमी

प्रबंध असलेल्या मास्टर्सला हे सगळं लागू पडतं. अमेरिकेत प्रबंधाशिवायचं मास्टर्स असेल तर प्राध्यापकांवर कमी आणि विषयांवर जास्त लिहा. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात प्रबंधाला उन्हाळ्याचे थोडेच महिने मिळतात, त्यामुळे प्रश्न लहान करून मांडा. कॅनडात संशोधनाच्या मास्टर्सला अनेक ठिकाणी मार्गदर्शकाची संमती आधी लागते. तिथं हाच परिच्छेद सहा-सात ओळींचा करून ईमेलनं पाठवता येतो. जर्मनीत बऱ्याचदा तुमच्या पदवीचे विषय त्यांच्या अटींशी क्रेडिटनिशी जुळतात का हे आधी पाहिलं जातं. त्यात बसला नाहीत तर सुंदर परिच्छेदही वाचवत नाही, म्हणून तिथं आधी आपल्या पदवीचा अभ्यासक्रम इंग्रजीत तपशीलवार तयार ठेवा. आपल्याकडे गेटवरून एमटेकला जाताना तर एसओपीचा प्रश्न सहसा येतच नाही.

भाचीनं तीन विद्यापीठं ठरवली होती. दुसऱ्यासाठी तिचा प्रश्न तोच राहिला, पण रकाने नव्यानं भरावे लागले. तिथं रडारवरचं काम नव्हतं, मात्र रस्त्यांच्या भरावामागं पाणी कसं अडतं यावर एक गट काम करत होता. म्हणून त्या एसओपीत उसाऐवजी शिरोलीचा महामार्ग आला. तिसऱ्या विद्यापीठाच्या पानावर संध्याकाळभर बसूनही मधला रकाना भरला नाही. “मामा, यांच्याकडे समुद्रच आहे सगळा,” असं म्हणून तिनं तो अर्ज भरलाच नाही.